गुरुवारच्या कॉलचा अजेंडा : प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५

४ ऑगस्ट, सोमवार, महापे

आधी संदर्भ लिहून ठेवते, नंतर कुणी ही वही उघडली तर शोधाशोध नको. आपण वितरक: साबण, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट. ऑफिस महापे एमआयडीसीत, गोडाऊन भिवंडीत. साठ्याची नोंद आजवर जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये आणि तात्यांच्या लाल वहीत, दोन्हीकडे होते. ती आता बारकोडवर चालणाऱ्या नव्या सिस्टिमवर न्यायची आहे. सॉफ्टवेअरवाले पुण्याचे. दर गुरुवारी ११ वाजता व्हिडिओ कॉल असतो. त्यात शेठ, गोडाऊनचे तात्या, अकाउंट्सच्या मॅडम, सेल्सचे दादा, पुण्याचा प्रोजेक्ट मॅनेजर आणि मी. आजपासून या कॉलचा अजेंडा माझ्याकडे आला.

सकाळी मागच्या गुरुवारचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि घड्याळ लावून वेळ मोजला. तासाभराचा कॉल ९५ मिनिटं चालला होता. पहिली ९ मिनिटं 'आवाज येतोय का' आणि शेठची वाट बघण्यात. मग ४१ मिनिटं प्रत्येकाने आपापली प्रगती सांगितली. पुण्याहून स्क्रीन दाखवण्यात २२ गेली, लेबलांवर १४. गोडाऊन नव्या सिस्टिमवर कधी जाणार, म्हणजे कटओव्हर कधी, हा खरा प्रश्न शेवटच्या ९ मिनिटांत आला, तेव्हा शेठ बँकेच्या माणसासाठी उठून गेलेले होते. साहजिकच 'पुढच्या वेळी बघू'.

तेव्हाचा अजेंडा असा होता: प्रोजेक्ट अपडेट, टेस्टिंग, गोडाऊन, लेबल, कटओव्हर, इतर. सात शब्द, मिनिटं नाहीत, बोलणाऱ्याचं नाव नाही. आणि तो पोचला होता कॉलच्या आदल्या रात्री साडेदहाला.

५ ऑगस्ट, मंगळवार

गुरुवारचा अजेंडा आज संध्याकाळी जायला हवा. सकाळचा सगळा वेळ उद्देश लिहिण्यात गेला आणि जायलाच हवा होता.

मी एक पद्धत धरली आहे. कॉल संपल्यावर इतिवृत्तात जे वाक्य लिहायचं, ते आजच लिहायचं, फक्त ठरायची गोष्ट रिकामी सोडायची. 'कटओव्हर' या विषयाचं वाक्य असं झालं: 'भिवंडीचं गोडाऊन ______ या शनिवार-रविवारी नव्या सिस्टिमवर जाईल, त्या दोन दिवसांत माल बाहेर पाठवणं ______.' दोन रिकाम्या जागा, म्हणजे दोन निर्णय. दुसरा निर्णय आहे हे वाक्य लिहीपर्यंत कुणाच्या डोक्यात नव्हतं. गोडाऊन बंद ठेवायचं की अर्धं चालू, यावरच सेल्सचं घोडं अडणार आहे.

'टेस्टिंग'चं वाक्य लिहायला बसले तर काही जमेना. 'टेस्टिंग ______ आहे' असंच होतंय. म्हणजे इथे ठरवायचं काही नाही, फक्त सांगायचं आहे. जे फक्त सांगायचं ते कॉलमधून काढलं. त्यासाठी एक शेअर केलेली शीट केली. कॉलम तीनच: काम, कुठवर आलं, काय अडलंय. सगळ्यांनी बुधवारी ५ पर्यंत भरायची. अडलेलं असेल आणि ते सोडवायला दुसऱ्या कुणाचा होकार लागत असेल, तरच ते कॉलमध्ये येईल.

पुण्याच्या मॅनेजरशी बोलले. मालपरतीचं पान दाखवायला त्याला २० मिनिटं हवी होती. म्हटलं, पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करून पाठव, मॅडम आधी बघतील आणि कॉलमध्ये फक्त शंका विचारतील. त्याला ते पटलं. 'लाइव्ह दाखवताना नेमकं सर्व्हर झोपतं' असं तोच म्हणाला.

दुपारनंतर मिनिटांचा हिशोब मांडला. इथे बहुतेक जण सरसकट दहा-दहा मिनिटं वाटून मोकळे होतात. मी माणसं मोजली. तारखेच्या विषयावर चौघांना बोलावंच लागेल: गोडाऊन, अकाउंट्स, सेल्स, सॉफ्टवेअर. प्रत्येकी ३ मिनिटं धरली तर १२. शेठच्या प्रश्नांना ५. ठरलेलं वाक्य वाचून दाखवून होकार घ्यायला ३. झाली २०. लेबलांच्या विषयात तात्या आणि पुणे एवढेच, १० पुरतील. मालपरतीवर मॅडमच्या शंका, ८. सुरुवातीला २, शेवटी कामं वाचायला ५. एकूण ४५. कॉलचं निमंत्रण तासाभराचंच ठेवलंय, उरलेली १५ मिनिटं कुणाला सांगितलेली नाहीत. सांगितली की ती खर्च होतात.

क्रम ठरवताना महत्त्वापेक्षा कोण किती वेळ हजर आहे हे पाहिलं. शेठ साडेअकराला उठतात, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. म्हणून तारीख पहिली. तात्यांचे कंटेनर गुरुवारी साधारण बाराला लागतात, म्हणून लेबल दुसरं, मग त्यांनी जायचं. परतीचा विषय मॅडम आणि पुणे यांच्यातला, तो शेवटी.

५ ऑगस्ट, रात्री

सहा वाजता पाठवला. मेलच्या विषयातच काम लिहिलं: 'गुरु. ७ ऑगस्ट, ११ वा. : कटओव्हरची तारीख ठरवायची (पसंती बुधवारी ५ पर्यंत कळवा)'. नुसतं 'अजेंडा' लिहिलेली मेल शेठ उघडत नाहीत. आतला मजकूर इथे डकवते:

११:०० ते ११:०२ – हजेरी. कुणी यायचं असेल तरी ११:०२ ला सुरू.

११:०२ ते ११:२२ – निर्णय: कटओव्हरचा शनिवार-रविवार, आणि त्या दिवशी डिस्पॅच बंद की अर्धा. बोलणार: तात्या, मॅडम, सेल्स, पुणे. ठरवणार: शेठ. आधी वाचायचं: खालच्या तीन तारखा.

११:२२ ते ११:३२ – निर्णय: रॅकवर लेबल लावायला माणसं कुणाची. बोलणार: तात्या, पुणे. ठरवणार: तात्या.

११:३२ ते ११:४० – शंका: मालपरतीचं पान. मॅडम, पुणे. आधी बघायचं: पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग. बाकीच्यांनी गेलं तरी चालेल.

११:४० ते ११:४५ – कोण काय कधी करणार, वाचून दाखवणं.

नुसती '२० मिनिटं' लिहिण्यापेक्षा घड्याळाची वेळ लिहिलेली बरी. तात्यांना गाळ्यातून कधी बाहेर यायचं ते कळतं, आणि गाडी किती मागे पडली हे सगळ्यांना एकदम दिसतं. 'ठरवणार' हे नाव मात्र पहिल्यांदाच लिहिलंय. दोन फोन आले, दोन्ही त्यावरूनच.

तीन तारखांचा मजकूर मेलच्या अंगातच टाकला, जोडपत्र नाही. तात्या मोबाइलवर वाचतात आणि गाळ्यात नेटवर्क जेमतेम, एक्सेल उघडतच नाही. तोच मजकूर ग्रुपवरही टाकला.

पहिली तारीख २३-२४ ऑगस्ट: गणपतीआधीचा शेवटचा शनिवार-रविवार, मालाची सगळ्यात जास्त उचल, टेस्टिंगही अपुरं. दुसरी १३-१४ सप्टेंबर: गणपतीसाठी कोकणात गेलेली पोरं परतलेली असतील, पण पितृपक्ष, जो २१ च्या सर्वपित्री अमावास्येपर्यंत आहे. तिसरी २७-२८ सप्टेंबर: नवरात्र सुरू झालेलं, सहामाही साठामोजणी ३० ला करायचीच आहे ती दोन दिवस आधी उरकेल, पण दिवाळीची उचल जवळ.

पितृपक्षाचं लिहायचं की नाही यावर पुण्याचा मॅनेजर जरा हसला. पण शेठ पितृपक्षात नवं काही सुरू करणार नाहीत, हे मला माहीत आहे. ते कागदावर नसतं तर कॉलमध्ये पंधरा मिनिटं इतर कारणांवर वाद झाला असता आणि खरं कारण शेवटी निघालं असतं.

६ ऑगस्ट, बुधवार

मेल सगळ्यांनी वाचली का हे विचारण्यात अर्थ नाही, सगळे 'हो' म्हणतात. म्हणूनच पसंतीचा आकडा मागितला होता. पाचपर्यंत आलेली उत्तरं: तात्या ३, मॅडम ३, पुणे २ किंवा ३. सेल्सच्या दादांचं उत्तर नाही. फोन केला तेव्हा कळलं की त्यांना तिन्ही नकोत, थेट दिवाळीनंतर हवं.

हे उद्या ११ वाजून १० मिनिटांनी कळलं असतं तर विषय तिथेच आडवा झाला असता. आता मिनिटं बदलली. जे तिघं एका मताचे आहेत त्यांना एकेक मिनिट पुरेल, सेल्सला ९. एकूण २० तशीच. दादांना सांगितलं, दिवाळीनंतर हवं असेल तर चौथा पर्याय म्हणून दोन ओळीत लिहून द्या, आणि सहामाही मोजणी मग वेगळी करावी लागेल त्याचं काय तेही लिहा. रात्री नऊला त्यांचा मेसेज आला. पर्याय मागे घेतलाय, त्याऐवजी २७-२८ ला अर्धा डिस्पॅच चालू ठेवायची मागणी. ही मागणी धरता येण्यासारखी आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

११:०२ ला सुरू केला. शेठ ११:०४ ला आले, त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं नाही. ११:१९ ला वाक्य भरून वाचलं: 'गोडाऊन २७-२८ सप्टेंबर या शनिवार-रविवारी नव्या सिस्टिमवर जाईल, शनिवारी दुपारी १ पर्यंत फक्त आधीच काढून ठेवलेला माल बाहेर पडेल, नंतर बंद.' शेठ 'हो' म्हणाले, तेही इतिवृत्तात लिहिलं.

लेबलांना दहाऐवजी १७ मिनिटं लागली. तात्या म्हणाले, माणसं देतो, पण आधी सांगा ही लेबलं टिकणार का. पत्र्याखाली गरम होतं, महिन्याभरात छापील पट्ट्या पुसट होतात. प्रश्न रास्त होता, पण तो अजेंड्यावरच्या वाक्यात बसत नव्हता. वेळ संपत आल्यावर मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. माणसं तात्यांची, हे ठरलं. लेबल कुठल्या कागदाचं, हा नवा विषय, नवं वाक्य घेऊन येईल. मॅडमची ८ मिनिटं मागे सरकली, लपवलेल्या १५ मधली ७ वापरली. ११:५२ ला संपलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

१४ च्या कॉलसाठी वाक्यं लिहायला बसले. शीटमध्ये सगळं हिरवं. लेबलांचा विषय घ्यायचा तर दुकानदाराचा भाव अजून हातात नाही, म्हणजे कॉलमध्ये कुणी काही ठरवू शकणार नाही. भरण्याजोगी एकही रिकामी जागा निघाली नाही. कॉल रद्द केला, कारण एका ओळीत कळवलं.

शेठचा फोन आला: 'कॉल नाही म्हणजे काम थांबलंय का?' शीट उघडून बघा म्हटलं. बघितली असावी, पुन्हा फोन नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नियम लिहून ग्रुपवर टाकला: निर्णयाला जो आकडा किंवा कागद लागतो तो मंगळवारी ५ पर्यंत माझ्याकडे नसेल, तर विषय त्या आठवड्यात नाही.

लेबलांचा भाव आज दुपारी आला, म्हणून विषय घेतला. साध्या थर्मल कागदाची छपाई उष्णतेनेच उमटते, त्यामुळे उष्णतेत आणि घासून ती फिकीही पडते. मालाच्या खोक्याला ती चालेल, कारण खोकं काही दिवसांत बाहेर जातं. रॅकचं लेबल वर्षानुवर्षं तिथेच राहणार. त्याला रिबनने छापलेलं पॉलिएस्टर लागेल, ते महाग. वाक्य: 'रॅकसाठी ______ लेबल, खोक्यांसाठी ______ लेबल, ऑर्डर ______ यांनी ______ पर्यंत द्यायची.' मिनिटं १०. तात्या, मॅडम, पुणे. शेठची गरज नाही, रक्कम मॅडमच्या अधिकारात बसते. शेठना निमंत्रणातून काढलं नाही, फक्त 'ऐच्छिक' केलं. काढलं असतं तर वेगळाच विषय झाला असता.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी १०:२० ला दादांचा मेसेज: आजच्या कॉलमध्ये रिटेलरच्या स्कीमचा विषय घ्या, पाच मिनिटं. सोसायटीच्या नोटिशीत शेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' असतं, तसं. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत याच एका ओळीखाली पार्किंगचं भांडण दरवर्षी होतं, आणि वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी देऊनही होतं. उपविधीने नोटिशीचे दिवस ठरवून दिलेत, पण न सांगता आलेल्या विषयावर तयारी कुणाचीच नसते, त्याला उपविधी काय करणार.

दादांना विचारलं, आज काय ठरायला हवं? उत्तर आलं, 'ठरायचं असं नाही, कानावर घालायचं.' मग शीटमध्ये टाका. टाकलं.

लेबलं ठरली. रॅकला पॉलिएस्टर, खोक्याला थर्मल, ऑर्डर मॅडम २५ पर्यंत. आठ मिनिटांत झालं. पुढचा गुरुवार २८, गणपतीचा दुसरा दिवस. कॉल नाही, तात्या चिपळूणला.

२ सप्टेंबर, मंगळवार

गुरुवारचा अजेंडा गेला. तीन विषय: सगळ्या वस्तूंची आणि दरांची मास्टर यादी कधी गोठवायची, स्कॅनर किती, शनिवारच्या मोजणीला माणसं. ४० मिनिटं.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. शाम्पू, तेल, टूथपेस्ट, अंघोळीचा साबण १८ वरून ५ टक्के, २२ सप्टेंबरपासून. आपली निम्म्याहून जास्त यादी यात येते. सकाळी कोपरखैरणे स्टेशनवर उतरेपर्यंत ग्रुपवर चाळीसेक मेसेज, सगळ्यांचा सूर एकच: आज कॉलमध्ये हेच बोलू.

हेच बोलायचं हे खरं, पण काय ठरवायचं? ९:१५ ला सुधारित अजेंडा पाठवला, वर मोठ्या अक्षरात 'बदललेला, मंगळवारचा रद्द'. जुन्या तिन्ही विषयांतून दोन काढले. नवा विषय घालताना जुने तसेच ठेवले की सगळ्यांची मिनिटं खोटी पडतात, आणि आकडे खोटे आहेत हे लोकांना एकदा कळलं की पुढच्या वेळी ते आकडे वाचतच नाहीत. स्कॅनर आणि माणसं ११ ला ढकलली. मास्टर यादी ठेवली, कारण दरबदल त्याच यादीत होणार.

वाक्य एकच: 'नवे दर जुन्या सिस्टिममध्ये ______ रोजी ______ भरतील, नव्या सिस्टिमसाठी यादी ______ रोजी उचलायची.' मिनिटं २५. दोन तासांत कुणी काही वाचून येणार नाही हे धरून पहिली ५ मिनिटं सगळ्यांनी कॉलवरच गप्प बसून मॅडमची अर्ध्या पानाची टीप वाचायची, असंही वेळापत्रकात लिहिलं. शेठना ते विचित्र वाटलं. वाचली मात्र.

टीपेत कामाचा मुद्दा एक होता. २२ आधी १८ टक्क्यांनी बिल झालेला माल नंतर परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघेल. म्हणजे नव्या सिस्टिममध्ये प्रत्येक वस्तूला फक्त आजचा दर असून भागणार नाही. दर तारखेसकट लागेल. पुण्याला हे आज कळलं हे बरं झालं, कारण त्यांनी दिलेल्या साच्यात दराचा एकच कॉलम होता.

ठरलं: जुन्या सिस्टिममध्ये २१ च्या रात्री मॅडम आणि त्यांची मुलगी भरतील (मुलगी म्हणजे असिस्टंट, मॅडम तसंच म्हणतात). यादी २४ ला उचलायची, दराला 'पासून' तारखेचा कॉलम जोडून.

शेवटची पाच मिनिटं कामं वाचायची होती. दादांनी त्यात हळूच सांगितलं की रिटेलर आत्तापासून ऑर्डर थांबवतायत, २२ नंतर स्वस्त मिळणार म्हणून. मग २२ च्या आठवड्यात एकदम झुंबड. आणि आपला कटओव्हर २७-२८ ला.

९ सप्टेंबर, मंगळवार

ठरलेली तारीख पुन्हा उघडायची का, हा या आठवड्याचा विषय. अशा विषयाला मी वेगळा साचा केला. उद्देशाखाली दोन ओळी सक्तीच्या: ७ ऑगस्टला काय ठरलं आणि का, त्यानंतर काय बदललं. जे बदललं नाही ते पुन्हा चर्चेला नाही. नाहीतर दिवाळीनंतरचा मुद्दा पुन्हा वर येईल आणि सगळं पहिल्यापासून.

बदललेलं एकच: २२ ते २८ मध्ये उचल नेहमीपेक्षा खूप जास्त. किती जास्त हे कॉलमध्ये अंदाजाने बोलण्यापेक्षा दादांना आजच मागितलं. आपल्या मोठ्या वीस रिटेलरकडून थांबवलेल्या ऑर्डर किती खोक्यांच्या, एवढंच. ते उद्यापर्यंत देतो म्हणाले. आकडा आल्याशिवाय विषय नाही हा नियम इथे बाजूला ठेवला, कारण हा विषय आठवडाभर पुढे गेला तर निर्णयालाच उशीर होईल. त्याऐवजी अजेंड्यात लिहिलं: 'आकडा बुधवारी ५ पर्यंत. न आल्यास ११:०२ ला पहिला प्रश्न दादांना.'

वाक्य: 'कटओव्हर २७-२८ सप्टेंबर कायम / ४-५ ऑक्टोबर, पुढे गेल्यास ३० ची साठामोजणी ______.' दोनच पर्याय दिले. ११ आणि १२ ऑक्टोबर मुद्दाम घातले नाहीत, दिवाळी तिथून आठवड्यावर येते. तात्या नाही म्हणणार हे त्यांना फोन करून आधीच विचारलं होतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

आकडा बुधवारी ६ ला आला. तात्यांनी तो बघून एकच वाक्य टाकलं: 'त्या आठवड्यात मोजायला कुणाला बसवू आणि लोड करायला कुणाला?' म्हणजे खरं तर कॉलच्या आधीच ठरलं. २० मिनिटं ठेवलेला विषय ९ मिनिटांत संपला. ४-५ ऑक्टोबर. ३० ची मोजणी जुन्या पद्धतीने होईल, आणि कटओव्हरला फक्त मधल्या दिवसांत हललेल्या मालाची मोजणी करायची, ही मॅडमची सूचना. शेठ म्हणाले, मग २ तारखेला दसऱ्याच्या मुहूर्तावर एक तरी एंट्री करून घ्या. पुण्याने टेस्टच्या सर्व्हरवर करू म्हटलं. शेठना टेस्ट-लाइव्ह काय ते सांगत बसलो नाही.

वाचलेली ११ मिनिटं स्कॅनरच्या विषयाला दिली नाहीत. कॉल लवकर संपवला. वाचलेली मिनिटं दुसऱ्या विषयाला दिली की पुढच्या वेळी लोक मुद्दाम विषय लांबवतात, असं माझं निरीक्षण. मॅडम सहमत नाहीत.

२९ सप्टेंबर, सोमवार

गुरुवारी दसरा, म्हणून शेवटचा कॉल बुधवारी, १ ऑक्टोबरला. अजेंडा आज पाठवला. उद्या सगळे मोजणीत असतील, कुणी काही वाचणार नाही.

हा कॉल 'जायचं की थांबायचं' एवढ्यासाठी. अशा कॉलमध्ये चर्चा सुरू झाली की सगळ्यांचा उत्साह बघून हो होऊन जातं. म्हणून निकष आधीच लिहिले आणि प्रत्येकासमोर उत्तर देणाऱ्याचं नाव. मास्टर यादीतल्या शंभर वस्तू हाताने पडताळल्या, दर आणि तारीख दोन्ही बरोबर: मॅडम. सगळ्या रॅकवर लेबल आणि ती स्कॅन होतात: तात्या. जुनी सिस्टिम सोमवारी सकाळी परत चालू करता येईल, प्रत्यक्ष करून बघितलंय: पुणे. दोन मोठ्या रिटेलरना शनिवारी माल नाही हे सांगितलं: दादा. प्रत्येकी ३ मिनिटं, उत्तर फक्त 'झालं' किंवा 'नाही झालं'. 'बहुतेक झालं' हे 'नाही'त धरलं जाईल, तेही अजेंड्यात लिहिलं. परत जुन्यावर यायचं झालं तर ते कोण ठरवणार आणि किती वाजेपर्यंत, याला ८ मिनिटं. शेवटी ५. कॉल २५ मिनिटांचा.

१ ऑक्टोबर, बुधवार

तीन 'झालं'. तात्यांचं 'नाही': वरच्या मजल्यावरच्या मागच्या रांगेत लेबलं लागली आहेत, पण स्कॅनर तिथे वायफाय पकडत नाही. दादा म्हणाले बहुतेक चालेल. अजेंड्यातलं वाक्य वाचून दाखवलं, ते गप्प.

शेठनी ठरवलं: जायचं, पण ती रांग उद्या रिकामी करून खालच्या मजल्यावर. तात्या दसऱ्याच्या दिवशी दुपारपर्यंत करून घेतो म्हणाले, दोन पोरांचा जादा रोज मॅडमने मंजूर केला. परत फिरायचं झालं तर निर्णय तात्या आणि मॅडम मिळून, रविवारी दुपारी ४ पर्यंत. त्यानंतर मागे यायचं नाही.

२३ मिनिटं. इतिवृत्त ११:४० ला पाठवलं. पुढचा अजेंडा मंगळवारी ७ ला, त्यात पहिला विषय वरच्या मजल्याचं वायफाय. भाव मॅडमकडे सोमवारपर्यंत यायला हवा.